वाटाड्याच्या परिचयातल्या चार ओळी

‘भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी. प्रदेश : संपूर्ण सह्याद्री. गट : सर्व प्रकारचे. सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य.’

गडकिल्ल्यांवर घेऊन जाणाऱ्या गाइडांचे परिचय वाचायला घेतले की या चार ओळी थोड्याफार फरकाने सगळीकडे भेटतात. मित्रमंडळी, नातेवाईक आणि कचेरीतले सहकारी यांच्यासाठी मी गेली बरीच वर्षे ट्रेक ठरवत आलो आहे. त्यामुळे असे परिचय मी पुष्कळ वाचले, त्यांवर विसंबून माणसे निवडली आणि एकदा चांगलाच फसलो. एवढ्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की चारही मथळे अगदी बरोबर आहेत. गाइडाबद्दल विचारायचे ते याच चार गोष्टींबद्दल. चूक आहे ती मथळ्यापुढे जे लिहिले जाते त्यात. ‘सर्व’, ‘संपूर्ण’, ‘सर्वोच्च’ हे शब्द वाचून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही.

प्रत्येक ओळीच्या मागे खरे काय असायला हवे, ते एकाच गडाच्या आधाराने पाहू. गड हरिश्चंद्रगड. उंची सुमारे १४२४ मीटर, माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पाण्यात उभे शिवलिंग असलेली केदारेश्वराची गुहा आणि पश्चिमेला कोकणकडा. पुण्या-मुंबईचा जवळजवळ प्रत्येक गाइड हा गड ‘माहीत आहे’ म्हणतो.

फसलो तोही इथेच. ऑगस्टचा महिना होता आणि आम्ही चौदा जण होतो. गाइड तरुण, बोलका आणि अंगाने काटक. खिरेश्वरहून निघालो, टोलार खिंड गाठली, रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आलो आणि धुके उतरले. दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. टोलार खिंडीच्या वर गेल्यावर मंदिरापर्यंतची वाट सरळ नाही. ती झाडीतून, लहानमोठ्या टेकाडांवरून चढत-उतरत जाते आणि मध्येच गुरांच्या पायवाटा तिला फुटतात. तासाभराने आम्ही त्याच दगडापाशी परत आलो, ज्यावर मघाशी एक जण बिस्किटाचा पुडा विसरला होता. तेव्हा गाइड खरे बोलला. तो या गडावर चार वेळा आला होता, पण चारही वेळा डिसेंबर-जानेवारीत. भर पावसातला हरिश्चंद्रगड तो आमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहत होता.

म्हणून प्रदेशाची ओळ मी आता सगळ्यांत आधी वाचतो. हरिश्चंद्रगड हे नाव एक, पण गड माहीत असणे म्हणजे निदान तीन वेगळ्या वाटा माहीत असणे. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी. दोन-अडीच तासांत माणूस वर पोचतो. पण ती कपारीखालून जाते आणि पावसात तिच्यावर ओढे आडवे येतात. खिरेश्वरची वाट लांब, तिच्यात कातळटप्पा आणि वर सांगितलेला चकवा. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट हा तर निराळाच प्रकार. ती कोकणातून थेट कड्याच्या बगलेने वर येते, ढासळत्या दगडांची आहे आणि दोराशिवाय तिच्यात पाऊल घालू नये. पाचनई अकोले तालुक्यात आहे म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वर जुन्नर तालुक्यात म्हणजे पुण्यात, आणि बेलपाडा मुरबाड तालुक्यात म्हणजे ठाण्यात. कुणाचा पाय मोडला तर कोणत्या बाजूला उतरवायचे, गाडी राजूरकडे न्यायची, ओतूरकडे की मुरबाडकडे, कोणत्या पोलीस ठाण्याला कळवायचे, हे सगळे त्या एका निवडीवर ठरते. गाइडाला ही तिन्ही उत्तरे न अडखळता देता आली पाहिजेत.

त्यामुळे ‘संपूर्ण सह्याद्री’ असे लिहिणारा माणूस मला शंकास्पद वाटतो. उलट ‘हरिश्चंद्रगड, पाचनई व खिरेश्वर वाटांनी, पावसाळ्यासह, शेवटचा फेरा गेल्या सप्टेंबरात, नळीच्या वाटेने नेत नाही’ असे लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो. यात वाट आहे, ऋतू आहे, तारीख आहे आणि नकार आहे. पैकी नकार सगळ्यांत मोलाचा, कारण आपण कुठे थांबायचे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो लिहिता येतो. फोनवर विचारायचे प्रश्नही यातूनच मिळतात. मे महिन्यात कोणत्या टाक्यात पाणी असते? मोबाइलला रेंज कुठे मिळते? ठरलेली वाट बंद झाली तर दुसरीकडून कुठे उतरणार? मोबाइलमध्ये कुणा दुसऱ्याने चाललेल्या वाटेची नोंद उतरवून घेतलेला माणूस पहिल्या प्रश्नालाच घुटमळतो. ती नोंद बाळगण्यात गैर काही नाही, धुक्यात तिचा उपयोगही होतो. पण ओढ्याला पाणी चढलेले असताना ती रेघ ओढ्यातूनच जाते.

प्रदेशाच्या ओळीला कायद्याचीही एक बाजू आहे, तिची कल्पना फार थोड्यांना असते. रायगड, शिवनेरी, अजिंठा, वेरूळ अशा केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात पैसे घेऊन पाहुण्यांना फिरवून दाखवायचे असेल तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. १९५९ च्या नियमांतच तसे म्हटले आहे. तेव्हा अशा ठिकाणचा गाइड निवडताना परिचयात परवान्याचा उल्लेख आणि तो कुठल्या स्थळासाठी आहे, हे दोन्ही पाहावे.

आता भाषेकडे. ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ हे वाचून आपण समाधान मानतो, कारण आपल्याला वाटते की गाइडाने बोलायचे म्हणजे इतिहास सांगायचा. मंदिरासमोर उभे राहून शिलाहारांबद्दल दोन वाक्ये पाठ म्हणणे फारसे अवघड नाही. भाषेची परीक्षा कातळावर होते. आमच्या एका गटात चेन्नईहून पुण्यात नोकरीला आलेली एक मुलगी होती. तिला इंग्रजी उत्तम येत होते आणि हिंदी कामापुरते. उतरताना टप्प्याच्या मध्यावर ती अडकली. खालून गाइड ओरडत होता, ‘डाव्या पायावर भार टाक, उजवा सोड!’ ती घाबरलेली, त्यात पावसाचा आवाज. तिने नेमका डावा सोडला. वरच्या माणसाने दंड धरला म्हणून निभावले. त्या गाइडाला इंग्रजी येत नव्हते असे नाही. परिचय करून देताना तो इंग्रजीतच बोलला होता. पण घाईच्या क्षणी तोंडात आली ती आपली भाषा, आणि ऐकणारीची ती नव्हती.

म्हणून चांगले गाइड टप्प्याखाली पोचल्यावर आधी पाच मिनिटे थांबतात. डावा, उजवा, थांब, भार टाक, पकड सोडू नकोस, दगड येतोय, अशा सात-आठ सूचना गटातल्या प्रत्येकाला कळतील त्या भाषेत ते ठरवून घेतात आणि एकदा म्हणवून घेतात. परिचयात भाषेपुढे कंसात ‘सूचना देण्याइतकी’ किंवा ‘इतिहास सांगण्याइतकी’ असे लिहिलेले मी एकदाच पाहिले. मला ते फार आवडले.

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत ही पातळी लिहिणे तर आवश्यकच आहे. अजिंठा-वेरूळला जपानी, फ्रेंच, जर्मन बोलणारे गाइड पूर्वीपासून आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यातला जिंजी तमिळनाडूत आणि बाकीचे ११ महाराष्ट्रात. त्यामुळे राजगड, साल्हेरसारख्या चढाच्या गडांवरही आता ही गरज पडेल. जपानी भाषेच्या परीक्षेत एन-फाइव्ह ही सगळ्यांत खालची पायरी आणि एन-वन सगळ्यांत वरची. नुसते ‘जपानी’ लिहिले तर दोन्ही सारखेच दिसतात. एन-फाइव्हवाला पाहुण्यांचे स्वागत नीट करील, पण छातीत कळ आलेला माणूस काय सांगतो आहे ते त्याला कळणार नाही.

पण माझ्या दृष्टीने भाषेच्या ओळीत सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती गडाखालच्या माणसांची भाषा. पाचनई परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. ‘मराठीच तर बोलतात’ असे शहरातला माणूस म्हणतो. बोलतात, पण डोंगराचे शब्द त्यांचे असतात. घसरड्या दिवशी वाटेत भेटलेला गुराखी ‘नाळंनं उतरू नका, सोंडंवरनं या’ म्हणतो, तेव्हा नाळ म्हणजे दोन कड्यांमधली पाण्याची घळ आणि सोंड म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, हे ज्याला कळते त्याचा गट वाचतो. पावसात नाळेतून पाणी येते, पाण्याबरोबर दगड येतात. सोंडेवर वारा लागेल पण पाणी वाहून जाते. पदर, दांड, घळ, खिंड, माची, सडा हे शब्द ज्याच्या कानाला सरावाचे आहेत, त्याला गावकऱ्याचे एक वाक्य नकाशाइतकी माहिती देते. आणि रात्री अकरा वाजता पाचनईतल्या घराची कडी वाजवून चार माणसे उठवायची वेळ येते, तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्या बाबांना गाइडाचा आवाज ओळखीचा असावा लागतो. बाहेरचा गाइड असेल तर त्याच्या परिचयात ‘गावचा वाटाड्या सोबत असतो’ एवढे तरी असावे. वाटाड्या हा शब्दच तिथला आहे, आणि ते काम बिनापरिचयाचे कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

‘गट : सर्व प्रकारचे’ ही ओळ वरवर निरुपद्रवी वाटते, पण अडचण तिथूनच सुरू होते. गटाचा प्रकार म्हणजे आधी संख्या, मग वय. संख्येचा हिशेब करून पाहा. खिरेश्वरच्या वाटेवर कातळटप्प्यावर ओल्या दिवशी एका माणसाला दोन मिनिटे धरू. चालायला वर जाताना पाच तास, खाली येताना चार. सकाळी सातला निघालेल्या बारा जणांच्या गटाचे टप्प्यावर चोवीस मिनिटे जातात. ते बारा चोवीसला मंदिराशी पोचतात, तासभर जेवतात, एक चोवीसला निघतात आणि पुन्हा चोवीस मिनिटे धरून पाच अठ्ठेचाळीसला खाली असतात. आता तेच चाळीस जणांचे करा. टप्प्यावर ऐंशी मिनिटे चढताना आणि ऐंशी उतरताना. पोचायला एक वीस, निघायला दोन वीस, खाली यायला सात चाळीस. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि ढगाळ हवेत झाडीत त्याआधीच काळोख होतो. यात कुणी थकले, कुणाचा बूट फाटला, हे धरलेलेच नाही. चाळीस जणांचे शेवटचे लोक अंधारात उतरणार हे सकाळी सातलाच ठरलेले असते.

तेव्हा गाइडाने किती मोठा गट नेला हा आकडा मोठेपणाचा नाही. ‘ऐंशी जणांचा ट्रेक यशस्वी’ असे वाचले की मी पुढे वाचत नाही. किती माणसांमागे एक जाणता माणूस ठेवतो, हा आकडा हवा. सोप्या वाटेवर दहा-बारांमागे एक आणि कातळटप्पा असेल तर सहा-आठांमागे एक, असे मी धरतो. त्यात एक सगळ्यांत पुढे आणि एक सगळ्यांत शेवटी असलाच पाहिजे. शेवटचा माणूस कधीही कुणाच्या पुढे जात नाही. माणसे हरवतात ती बहुधा मधूनच, पुढच्यांना गाठायच्या नादात, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर थांबून मोजणी करणे हे गाइडाचे रोजचे काम आहे.

वयाचे थोडक्यात सांगतो. कचेरीच्या गटात सगळ्यांत अवघड माणूस कोण, तर ज्याला साहेबांसमोर ‘मला जमत नाही’ म्हणता येत नाही तो. अशा गटाचा सराव असलेला गाइड पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो आणि कोण धापा टाकते ते पाहून ठेवतो. मुले पटकन गार पडतात आणि सांगत नाहीत. साठीच्या पुढच्यांना चढापेक्षा उतार जड जातो, गुडघे तिथे बोलतात. त्यांच्यासाठी उतरण्याचा वेळ चढण्याइतकाच धरावा. फक्त महिलांचा गट असेल तर बरोबर एक महिला लीडर हवी. यातले जे गट खरोखर नेले असतील तेवढेच परिचयात असावेत. ज्येष्ठांचे वीस ट्रेक केलेला माणूस महाविद्यालयातल्या मुलांना आवरू शकेलच असे नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

शेवटची ओळ सुरक्षिततेची. इथे पुन्हा त्या ऑगस्टातल्या धुक्यात यावे लागेल. वाट सापडेना म्हणून आम्ही एका कातळाच्या आडोशाला बसलो. वारा कोकणकड्याकडून येत होता. गटातला एक विशीतला मुलगा जीन्स आणि सुती टी-शर्टवर आला होता, दोन्ही चिंब. आधी तो कुडकुडत होता. मग त्याचे कुडकुडणे थांबले, आणि आम्हाला वाटले, बरे झाले, सावरला. गटातली एक परिचारिका मात्र उठली. तिने त्याला सॅकची चेन उघडायला सांगितली. त्याची बोटे चेनवर फिरत राहिली, पण ती उघडेना. नाव विचारले तर बोलताना अडखळला. तिने ओले कपडे उतरवायला लावले, आमच्यातल्या कुणाचा तरी कोरडा स्वेटर घातला, प्लास्टिकची ताडपत्री भोवती गुंडाळली, दोघांना त्याला चिकटून बसवले आणि साखरेचे पाणी थोडे थोडे पाजले. चाळीस मिनिटांनी तो पुन्हा कुडकुडू लागला, तेव्हा ती म्हणाली, ‘आता ठीक आहे.’

शरीराची उष्णता उतरली की असेच होते. कुडकुडणे हे शरीराचे ऊब टिकवण्याचे काम असते. अंग गार असतानाच ते थांबले तर शरीर हरू लागले असे समजावे. असे व्हायला हिमालयातला बर्फ लागत नाही. वीस अंशांच्या आसपासचे तापमान, ओला सुती कपडा आणि वारा एवढे पुरते. आमच्या गाइडाला हे माहीत नव्हते. त्याच्याकडे उत्तराखंडातल्या संस्थेचे मूलभूत गिर्यारोहणाचे प्रमाणपत्र होते आणि ते खरेही होते. अशा जवळजवळ महिनाभराच्या शिक्षणात कातळ, बर्फ आणि दोराचे काम माणूस नीट शिकतो. पण ते हिमालयातल्या चढाईसाठी आखलेले असते. सह्याद्रीतला पाऊस, ओढ्याला अचानक येणारे पाणी, आग्यामोहोळ, घोणस आणि फुरसे हे त्यात नसते. म्हणून गिर्यारोहणाच्या प्रमाणपत्राबरोबर रानावनातल्या प्रथमोपचाराचे वेगळे प्रमाणपत्र पाहावे आणि त्याची मुदतही पाहावी, कारण ते बहुधा दोन-तीन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते.

सरकारी बाजूने पाहता, महाराष्ट्र शासनाने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि साधने यांच्या अटी आहेत. आयोजकाची नोंदणी आहे का हा प्रश्न विचारावाच. मात्र नोंदणी संस्थेची असते आणि डोंगरावर आपल्याबरोबर येतो तो माणूस. त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये दोर, शिट्टी, टॉर्च, क्षारसंजीवनी, ताडपत्री आणि कोरड्या कपड्यांचा एक जास्तीचा जोड आहे का, हे परिचयात लिहिलेले असले तर निघताना पाहूनही घेता येते.

सुरक्षिततेचा दावा तपासायचा माझा एकच ठाम प्रश्न आहे : ‘शेवटचा ट्रेक कधी रद्द केलात किंवा अर्ध्यावरून कधी फिरलात, आणि का?’ चांगला गाइड लगेच सांगतो. मागच्या जुलैत ओढा गुडघ्याच्या वर होता. जिल्हाधिकाऱ्यांचा धबधब्यांवर बंदीचा आदेश होता. दीड वाजला तरी मंदिर आले नाही म्हणून परत फिरलो. या शेवटच्या उत्तरात परतीची वेळ आधी ठरवलेली असते आणि ती पाळली जाते. ‘आपला एकही ट्रेक आजवर रद्द झाला नाही’ असे अभिमानाने सांगणारा माणूस सह्याद्रीत पावसाळ्यात नेणारा असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी आम्हाला शेवटी पाचनईच्या एका गुराख्याने वाट दाखवली. त्याच्या अंगावर घोंगडीची खोळ होती आणि आमच्या शिट्ट्या ऐकून तो आला होता. पाचनईला उतरेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले.

गेल्या वर्षी एका तरुण गाइडाने स्वतःचा परिचय माझ्याकडे वाचायला पाठवला. दोन-तीनदा फोनवर बोलून आम्ही तो असा केला : ‘मराठी आणि हिंदी सफाईने, इंग्रजी सूचना देण्याइतके. हरिश्चंद्रगड पाचनई वाटेने बाराही महिने, खिरेश्वर वाटेने फक्त ऑक्टोबर ते मे. रतनगड, अलंग परिसर माहीत नाही. बारा जणांपर्यंतचे गट, दहा वर्षांवरील मुलांसह. कचेऱ्यांचे मोठे गट घेत नाही. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आहे, मुदत पुढच्या मार्चपर्यंत. दुपारी एकला जिथे असू तिथून परत. गेल्या पावसाळ्यात दोन ट्रेक रद्द केले, पैसे परत दिले.’ त्याला भीती होती की इतके ‘नाही’ वाचून कुणी येणार नाही. गाइड निवडणाऱ्यांना माझी विनंती आहे की असा परिचय दिसला तर आधी त्याच माणसाला फोन करा.